मोतिया साडीचं पहिलं पाणी

मनुबाई साडी विकत नाही, लेक नांदायला पाठवल्यासारखी पाठवते, असं विट्याच्या बाजारात बायका हसून म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. आठवडी बाजारात तिची पथारी ठरलेल्या जागी असे. पथारीवर नवऱ्यानं, नाथाजीनं हातमागावर विणलेल्या डाळिंबी काठाच्या साड्या. बाईनं घासाघीस करून साडी घेतली, बगलेत मारली आणि निघाली, की मनुबाई तिचं मनगट धरायची.

"घेतलीस न्हवं? मग आता ऐक. पयल्या पाण्याला ही रंग सोडंल. घाबरायचं न्हाई. नवी नवरी हाय, दोन पाण्याला रडंल, तिसऱ्याला गप बसंल. तवर तिला एकलीला धुवायची. दुसऱ्या कापडात घातलीस, तर तुझ्या मालकाच्या धोतराला डाळिंबं लागत्याल."

"आन् लागली तर?"

"लागली तर सोलून खा. माझ्याकडं येऊ नगंस."

बायका हसायच्या, पण ऐकून घ्यायच्या. गार पाण्यात मीठ, सोडा नको, पिळायची नाही, सावलीत उलटी वाळवायची. पुढच्या बाजारी तीच बाई दिसली की मनुबाई लांबून ओरडायची, "रडली का गं?" आणि बाई हात उडवून म्हणायची, "रडली, आन् गपबी बसली."

माघाच्या थंडीत मनुबाईचा ताप छातीत उतरला आणि ती गेली.

तिची थोरली लेक सुला कोरेगावला मुलींच्या शाळेत शिकवत होती. घरातली ती पहिली शिकलेली. धाकटा आकाराम शेजाऱ्यांच्या पोराबरोबर लांब मद्रासकडं गलाईच्या दुकानात सोनं गाळायला गेला होता. आईच्या दहाव्याला आला आणि गेला. त्यामुळं विट्याच्या घरात नाथाजी आणि त्याचा खड्ड्यातला माग, एवढंच उरलं. सुला महिन्या-दोन महिन्यांनी एस्टीनं येई, घर झाडी, बापाला चार दिवसांचं पीठ दळून ठेवी. आईबद्दल दोघं बोलत नसत. बोलायचं ते सुताबद्दल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली, तेव्हा विणकर संस्थेचा चिटणीस भाऊसो ओसरीवर बसला होता. त्याच्या मांडीवर एक साडी होती. मोतिया अंगाची, डाळिंबी काठाची. म्हणजे एके काळी तशी होती. आता काठातला रंग अंगभर उतरून साडीवर गुलाबी ढग पसरले होते.

"आवं नाथाजी, ही तिसरी," भाऊसो म्हणाला. "चैतापास्नं तीन बायका माघारी घेऊन आल्या. कुणी सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकलीया, कुणी वली तशीच बादलीत बोळा करून ठेवलीया."

"रंग कच्चा दिलाय संस्थेनं," नाथाजी म्हणाला.

"रंग त्योच हाय, धा वर्सं झाली. पक्क्या रंगाचं सूत परवडत न्हाई, तुमास्नी ठावं हाय. मग आदी कसं काय चालायचं?"

आधी कसं चालायचं, ते तिघांनाही ठाऊक होतं. बाजारातली पथारी आता भाऊसोचा पुतण्या लावत होता. तो साडी द्यायचा आणि मोकळा व्हायचा.

भाऊसोनं मग खरी गोष्ट काढली. विट्यात यंत्रमागांचा खडखडाट वाढला होता. संस्थेचे बरेच हातमाग बंद पडले होते, आणि राहिले होते त्यांचा माल घाऊक घेणारं एकच, तेही नवं, गिऱ्हाईक होतं: साताऱ्याचं नानासोंचं साड्यांचं दुकान. त्यांनी निरोप धाडला होता. धुतल्यावर साड्या अशा होत असतील तर दिवाळीनंतर माल धाडू नका. नानासोंनी माल घेतला नाही तर संस्था हातमागाला सूत देणार नव्हती. आणि सूत नाही म्हणजे नाथाजीचा माग नाही.

"म्हणून म्हणतो, सुलाबाई," भाऊसो तिच्याकडं वळला, "तुमी शिकलेल्या हाय. मनुकाकी जे सांगायची ते एका कागदावर लिवा. सोप्या भाषेत, बाईला बाईनं सांगिटल्यावानी. छापून घेऊ, आन् हरेक साडीच्या घडीत एक घालू. काकी गेली तर काय झालं, तिचं बोलणं तर जाईल घरोघर."

सुलाला ते वाक्य नंतर फार दिवस पुरलं.

तिनं लिहायला घेतलं तेव्हा नाथाजी मागावर होता. खड्ड्यात पाय सोडून बसलेला, धोटा इकडून तिकडं जाणारा. धोट्यातल्या सुताच्या कांड्या आता शेजारची दगडाबाई भरून द्यायची. पूर्वी ते काम आईचं होतं. ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावून पाजणी करायची तीही आई. साडीत काय काय जातं, ते नाथाजीला आणि आईला मिळून ठाऊक होतं. साडी धुण्याचं मात्र तिला एकटीलाच.

"आबा, खळ काढायला आधी भिजवायची ना?"

"मला काय पुसतीस? मी इणणारा. धुयाचं तुज्या आयला ठावं." धोटा थांबला. मग तो म्हणाला, "गार पाण्यात. खळ ठिवली तर कसर लागती, म्हणायची."

असं तुकड्या-तुकड्यानं जमलं. काही दगडाबाईनं सांगितलं, बरंचसं सुलाच्या कानात होतंच. दुपारी तिनं बापाला वाचून दाखवलं.

"बाई, ही साडी हातमागावरची आहे. एका माणसानं बसून विणली आहे, म्हणून तिला माणसासारखं जपा. नव्या साडीत खळ असते. पहिल्यांदा धुताना साबण लावू नका. गार पाण्यात मूठभर मीठ विरघळवा आणि साडी थोडाच वेळ बुडवून काढा. ती रंग सोडील. घाबरू नका. पाणी बदलून खळबळा, पाणी नितळ दिसेपर्यंत. पहिली दोन-तीन पाणी तिला एकटीलाच धुवा. ओली साडी बोळा करून ठेवू नका, तिचा रंग तिलाच लागतो. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा अजिबात नको. नंतर रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण पुरे. दगडावर आपटू नका, पिळू नका, निथळू द्या. सावलीत, उलटी करून वाळवा.

ठेवताना साडी पूर्ण वाळलेली असावी. खळीची साडी फार दिवस ठेवायची झाली तर आधी खळ धुऊन काढा. पत्र्याच्या पेटीत गंज लागतो, म्हणून जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळा. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढा, वारा दाखवा आणि घडी बदला. एकाच घडीवर राहिली की साडी तिथंच चिरते."

नाथाजीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "नवरीचं न्हाई घातलं?"

"कागदावर बरं दिसणार नाही, आबा."

"व्हय," तो म्हणाला, आणि धोटा पुन्हा सुरू झाला.

पत्रक पिवळ्या कागदावर छापून आलं. श्रावणात नव्या साड्यांचा गठ्ठा साताऱ्याला गेला तेव्हा प्रत्येक घडीत एक होतं. कोरेगावाहून सातारा जवळच. पुढच्या रविवारी सुला दुकानात गेली. नानासो मोठ्या अंगाचे, हसतमुख. गादीवर बसून पान लावत होते.

"या बाई. तुमचं पत्रक वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. आमच्या घरातसुद्धा वाचलं. झकास."

"बायका घेतात?"

"कागद घेतात," नानासो म्हणाले. "बसा इथं. बघा तुम्हीच."

ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. थोड्या वेळानं एक बाई आली, बहुधा कचेरीत नोकरी करणाऱ्याची बायको, बरोबर तिची बहीण. नोकरानं साड्या पसरल्या. त्यांत मोतिया साडीही होती. बाईनं ती उचलली, पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. चेहरा उजळला. सुलाला वाटलं, आईनं आत्ता हिचं मनगट धरलं असतं.

घडीतून कागद खाली पडला. बहिणीनं उचलला आणि मोठ्यानं वाचू लागली.

"ऐक गं. ती रंग सोडील, घाबरू नका."

"म्हणजे रंग जातो?"

"एकटीलाच धुवा. पिळू नका. आपटू नका. सोडा नको. दोन महिन्यांनी घडी बदला." बहीण हसली. "ताई, ही साडी आहे की बाळंतीण?"

"अगं बाई. आमच्याकडं पाणी सकाळी तासभर येतं. हिला किती बादल्या लागायच्या?" बाईनं साडी खांद्यावरून काढली. सावकाश, जपून काढली. हात फिरवला, घडीवर ठेवली. "त्यापेक्षा ती नायलॉनची दाखवा हो. धुतली, झटकली, नेसली."

नायलॉनची घेऊन त्या गेल्या.

नानासोंनी पान तोंडात घातलं. त्यांना आनंद झाला नव्हता. "चूक काही नाही तुमच्या कागदात. खरं तेच आहे. पण बाई, गिऱ्हाईक दुकानात उभं असताना त्याला खरं असं एका दमात कुणी सांगतं का?"

"माझी आई सांगायची."

"त्या सांगायच्या, ऐकलंय मी. घेतल्यावर सांगायच्या, हसवून सांगायच्या. कागद हसवत नाही."

"मग मी सांगते. रविवारी येऊन बसते."

ती खरंच बसली. पुढचे काही रविवार एस्टीनं येऊन ती त्या स्टुलावर बसली. साडी हातात घेतलेल्या बाईला म्हणे, "पहिल्या पाण्याला ही रंग सोडते, पण काळजी करू नका." शब्द आईचेच होते. पण तिच्या तोंडून निघाले की त्यांचा धडा व्हायचा. बाया मान डोलवत आणि दुसरी साडी मागत. एकदा तिनं धीर करून नवरीचंही सांगून पाहिलं. समोरची तरुण बाई ऐकत राहिली आणि अवघडून म्हणाली, "हो का?" सुलाचा हात तिच्या मनगटाकडं गेला होता. तो तिनं मागं घेतला.

भाद्रपद संपत आला तेव्हा नानासोंनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "दिवाळी आली. गठ्ठा आहे तसा पडलाय. असाच राहिला तर मला परत धाडावा लागेल, आणि तुमच्या वडिलांचं काय ते तुम्हाला माहीत आहे. एक करा. कागद काढून घ्या. खरेदी झाल्यावर माझा नोकर तोंडी सांगेल."

"सांगेल?"

"दिवाळीच्या गर्दीत?" नानासो खोटं बोलणारे नव्हते. "सांगितलं तर सांगेल."

सुला गठ्ठ्याकडं वळली. विट्याच्या घरात बाप खड्ड्यात पाय सोडून बसलेला तिला दिसत होता. मग तिनं एक एक घडी उकलली, पिवळा कागद काढला, घडी पूर्वीसारखी लावली. नोकर मदतीला येत होता, त्याला नको म्हणाली. सगळे कागद पिशवीत घालून ती कोरेगावची एस्टी धरायला निघाली.

साड्या विकल्या गेल्या. दिवाळीच्या आधी नानासोंच्या दुकानात मोतिया साडी उठून दिसायची. बायका आल्या, खांद्यावर टाकून पाहिल्या आणि घेऊन गेल्या. नानासोंनी आणखी माल मागवला; त्यातलेही कागद सुलानं रविवारी जाऊन काढून घेतले. सुला दिवाळीला विट्याला आली, तेव्हा नाथाजी पहाटे उठून मागावर बसत होता आणि भाऊसो ओसरीवर येऊन म्हणत होता, "बगा, मी काय म्हणलो हुतो? कागदानं काम केलं."

सुलानं बापाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर माघानंतर पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. "तुज्या आयचं बोलणं लागू पडलं म्हणायचं," तो म्हणाला.

तिनं हो म्हटलं.

शेजारच्या घरी गलाईवाले सणाला आले होते; आकाराम आला नव्हता. त्यांच्या बायका लांबच्या शहरांतून आणलेल्या नायलॉनच्या साड्या नेसून दारात रांगोळ्या घालत होत्या. दगडाबाई एकीचा पदर दोन बोटांत चोळून म्हणाली, "घाम तरी टिपती का गं ही?" नेसणारी म्हणाली, "घामाचं काय घेऊन बसलीस, काकी? वाळती बघ कशी."

पौष लागला आणि साताऱ्याहून गठ्ठा परत आला. या वेळी तो न विकलेल्या साड्यांचा नव्हता. धुतलेल्या साड्यांचा होता. नानासोंनी गिऱ्हाइकांना बदलून दुसरा माल दिला होता आणि या साड्या संस्थेकडं पाठवल्या होत्या. बरोबर निरोप होता, फार सभ्य: कुणाचा दोष नाही, पण यापुढं हातमागाचा माल नको.

सुलाला भाऊसोनं बोलावून घेतलं. संस्थेच्या खोलीत साड्या जमिनीवर पसरल्या होत्या. सोड्यानं अंग पिवळट झालेल्या, बोळा करून ठेवल्यानं चट्ट्या-चट्ट्यांनी लाल पडलेल्या, दुसऱ्या कुठल्या तरी कापडाचा निळा रंग प्यायलेल्या. एकीच्या काठाला पिळून पिळून सुरकुत्या पडल्या होत्या.

"येवढा कागद लिवून दिला तुमी," भाऊसो कळवळून म्हणाला. "वाचत न्हाईत का बाया?"

सुला म्हणाली, "कागद त्यांना मिळालाच नाही. मी काढून घेतला होता. कागद होता तोवर कुणी साडी घेत नव्हतं."

भाऊसोनं तिच्याकडं पाहिलं. रागवायला जागाच नव्हती. कागद घातला तर साडी जात नाही, आणि काढला तर गेलेली साडी अशी परत येते. यात तिसरं काय करायचं, ते त्यालाही सुचेना.

"मनुकाकी पायजे हुती," तो म्हणाला.

नाथाजी दाराशी उभा होता. तो आत आला, उकिडवा बसला आणि साड्या उलटसुलट करू लागला. काठ पाहत होता. माझी, ती माझी न्हाई, ही माझी. आपल्या हाताचा काठ त्याला कळायचा. आपल्या साड्यांतली एक, सगळ्यांत कमी बिघडलेली, त्यानं बगलेत घेतली.

"सूत?" त्यानं विचारलं.

भाऊसो जमिनीकडं पाहत म्हणाला, "न्हाई आता, नाथाजी. यंत्रमागाच्या शेडात कांड्या भरायला माणूस लागतंय. बोलून ठिवू का?"

"बगू," नाथाजी म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं बादलीत गार पाणी काढलं. सुला पाहत राहिली.

"तुज्या कागदावर काय हाय, वाच."

"आबा, आता त्याचा उपयोग नाही. रंग बसला तो बसला."

"वाच म्हणतो न्हवं."

कोरेगावाहून आणलेल्या पिशवीत पिवळे कागद तसेच होते. तिनं एक काढला आणि उंबऱ्यात बसून वाचू लागली. बाई, ही साडी हातमागावरची आहे. नाथाजीनं मूठभर मीठ पाण्यात विरघळवलं. साडी बुडवली, काढली, पाणी ओतलं, दुसरं घेतलं, खळबळलं. विणताना ज्या हातांनी एकही तार तुटू दिली नव्हती, ते हात पाण्यात गोंधळत होते. हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. पाणी मात्र नितळच राहिलं. साडीवरचे गुलाबी ढग होते तिथंच होते.

"रंग सोडत न्हाई आता," नाथाजी म्हणाला. "गप बसली."

सुला पुढचं वाचू लागली. पिळू नका. त्यानं पिळली नाही. साडी दांडीवर निथळत ठेवली, मग परसात जांभळीच्या सावलीत उलटी करून पसरली. ऊन सरकलं तशी तीही सरकवली.

संध्याकाळी साडी वाळली. मनुबाईच्या एका जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा होता, तो त्यानं पेटीत अंथरला. साडी त्यावर ठेवली, गुंडाळली. कडुलिंबाचा पाला सुलानं साडी पसरल्यावर वाळत घातला होता. तो अजून पुरता वाळला नव्हता, म्हणून तेवढं राहिलं.

"पुढं?"

"दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढा, वारा दाखवा आणि घडी बदला."

"बदलतो," नाथाजी म्हणाला.

त्यानं पेटी लावली. माग रिकामा होता. शेवटचा ताणा कापून झाला होता आणि फणीत सुताची तोडलेली टोकं तेवढी लोंबत होती. नाथाजी खड्ड्याच्या काठावर बसला, सवयीनं पाय आत सोडले. सुलानं कागद घडी करून कोनाड्यात ठेवला आणि दिवा लावायला उठली.